द्विदर्शकी अनुमापन, क्षारमिश्रणाचे

द्विदर्शकी अनुमापन, क्षारमिश्रणाचे : सोडियम हायड्रॉक्साइड (दाहक सोडा) व सोडियम कार्बोनेट (धुण्याचा सोडा) हे दोन क्षार एकाच विद्रावात असताना, त्यांना एकमेकांपासून वेगळे न करता, प्रमाणित अम्लाच्या साहाय्याने प्रत्येकाचे प्रमाण काढण्याची पद्धती. या पद्धतीत एकाच पात्रात प्रथम फिनॉल्‌थॅलीन व नंतर मिथिल ऑरेंज असे दोन दर्शक (रंगबदलाने विक्रियेची समाप्ती दाखविणारे पदार्थ) क्रमाने वापरतात आणि प्रत्येक दर्शकाचा रंग बदलेपर्यंत किती अम्ल लागले, याची स्वतंत्र नोंद घेतात. आर. बी. वॉर्डर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञांनी १८८१ मध्ये ती मांडली, म्हणून तिला ‘वॉर्डर पद्धती’ असेही म्हणतात. महाविद्यालयीन प्रयोगशाळेत ती आज एक साधा पाठ म्हणून शिकविली जाते. परंतु ज्या प्रश्नाचे ती उत्तर आहे, तो प्रश्न तिच्यापूर्वी सव्वाशे वर्षे रसायनशास्त्रज्ञांपुढे व क्षारांचा व्यापार करणाऱ्यांपुढे उभा होता.

तत्त्व : हायड्रोक्लोरिक अम्ल हळूहळू घातले असता मिश्रणात पुढील तीन विक्रिया जवळजवळ एकामागून एक घडतात.

NaOH + HCl → NaCl + H₂O
Na₂CO₃ + HCl → NaHCO₃ + NaCl
NaHCO₃ + HCl → NaCl + H₂O + CO₂

पहिल्या दोन विक्रिया पूर्ण झाल्या म्हणजे विद्रावात लवणाखेरीज फक्त सोडियम बायकार्बोनेट उरते. त्याची क्षारता इतकी सौम्य असते की, फिनॉल्‌थॅलिनाचा गुलाबी रंग नाहीसा होतो. तिसरी विक्रिया संपल्यावर मिथिल ऑरेंजाचा पिवळा रंग नारिंगी होतो. कार्बोनेटाला दोन समान टप्प्यांत अम्ल लागते. त्यामुळे दुसऱ्या टप्प्यात जितके अम्ल लागले, तितकेच पहिल्या टप्प्यातही कार्बोनेटासाठी खर्च झालेले असते, आणि पहिल्या टप्प्यातील उरलेले अम्ल हायड्रॉक्साइडाचे असते. संपूर्ण पद्धतीचा आधार एवढाच आहे.

सौम्य व दाहक क्षार : क्षारांचे ‘सौम्य’ व ‘दाहक’ असे दोन प्रकार साबण बनविणाऱ्यांना फार पूर्वीपासून माहीत होते. वनस्पतींच्या राखेतून मिळणारा क्षार सौम्य असे. त्यावर चुनकळीची प्रक्रिया केली म्हणजे तो दाहक होई आणि मगच त्याने तेलाचा साबण नीट होई. चुन्यातील ‘अग्नितत्त्व’ क्षारात शिरते, म्हणून तो दाहक बनतो, अशी समजूत होती. जोसेफ ब्लॅक यांनी १७५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनी ही समजूत उलटी ठरविली. सौम्य क्षारात एक वायू बद्ध झालेला असतो. चुना तो वायू स्वतःकडे ओढून घेतो व क्षार दाहक होतो, असे त्यांनी वजने करून दाखविले. या वायूला त्यांनी ‘स्थिर हवा’ असे नाव दिले. तोच आजचा कार्बन डाय-ऑक्साइड होय. म्हणजे दाहक क्षार हा सौम्य क्षारात काही मिळवून झालेला नसून त्यातून काही वजा होऊन झालेला असतो, आणि उघड्यावर राहिल्यास तो हवेतून वायू शोषून पुन्हा सौम्य बनतो. दाहक सोड्याच्या प्रत्येक नमुन्यात थोडेफार कार्बोनेट का आढळते, याचे कारण यातच आहे.

त्याच वर्षी, म्हणजे १७५६ मध्ये, फ्रान्सिस होम यांनी कापड विरंजनावरील (रंग घालवून कापड पांढरे करण्याच्या क्रियेवरील) ग्रंथात क्षाराचा कस ठरविण्याची एक कृती दिली. राखेच्या ठराविक वजनावर विरल नायट्रिक अम्ल चमच्याने मोजून घालावयाचे व फेस येणे थांबेपर्यंत किती चमचे लागले ते पाहावयाचे, अशी ती होती. अनुमापनाच्या या आरंभीच्या रूपात अंत्यबिंदूची खूण फेस हीच होती. परंतु फेस कार्बोनेटापासून येतो, हायड्रॉक्साइडापासून येत नाही. नमुन्यात दाहक भाग असला, तर तो काही अम्ल मुकाट्याने घेऊन टाकी. एकूण अम्ल किती लागले, हे चमचे सांगत. त्यातले किती कोणी घेतले, हे मात्र फेसावरून कळत नसे.

लिटमसाची मर्यादा : फ्रान्समध्ये विरंजन, काच व साबण यांचे उद्योग वाढले, तशी क्षार मोजण्याची गरजही वाढली. रूआन येथील एफ्. ए. एच्. देक्र्वाझीय यांनी १८०६ मध्ये ‘क्षारमापक’ प्रसिद्ध केला. अंशांकित काचनळीतून सल्फ्यूरिक अम्लाचा ठराविक विद्राव क्षारावर ओतून व्हायोलेट फुलांच्या पाकाच्या रंगबदलावरून ते समाप्ती ठरवीत. झोझेफ ल्वी गे-ल्युसॅक यांनी १८२८ मध्ये पोटॅशाच्या परीक्षणासाठी हीच पद्धती अधिक काटेकोर केली व दर्शक म्हणून लिटमस वापरला. कार्बोनेटावर अम्ल घालू लागले की, मोकळ्या झालेल्या कार्बन डाय-ऑक्साइडामुळे लिटमस निळ्याचा एकदम तांबडा न होता प्रथम द्राक्षासवासारखा जांभळट होतो, आणि अम्ल जास्त झाल्यावरच कांद्याच्या सालीसारखा तांबूस होतो, हे त्यांनी नमूद केले. या मधल्या रंगामुळे घोटाळा होऊ नये म्हणून पुढे विद्राव उकळून वायू घालवीत किंवा, फ्रीड्रिख मोर यांच्या पद्धतीप्रमाणे, अम्ल मुद्दाम जास्त घालून, उकळून, उरलेले अम्ल दाहक क्षाराने उलट अनुमापन करून मोजीत. मोर यांच्या १८५५ च्या ग्रंथाने ही शिस्त सर्वत्र रूढ केली.

ही सर्व खटपट कार्बोनिक अम्लाचा अडथळा दूर करण्यासाठी होती, आणि तिचे फळ ‘एकूण क्षारता’ हे एकच होते. हायड्रॉक्साइड व कार्बोनेट यांची बेरीज तिच्यामुळे अचूक कळे. त्यांचे वाटे कळत नसत. व्यापारात याला मोठा अर्थ होता. इंग्लंडमध्ये लब्लां पद्धतीने सोडा तयार करताना काळ्या राखेच्या पाण्यात कार्बोनेटाबरोबर दाहक सोडा आपोआपच येई. शिवाय कार्बोनेटावर चुन्याची प्रक्रिया करून मुद्दाम दाहक सोडा तयार करीत, पण ही विक्रिया कधीच संपूर्ण होत नसे. तयार मालाची किंमत त्यातील सोडियम ऑक्साइडाच्या (Na₂O) शेकडा प्रमाणावर ठरे. शुद्ध सोडियम हायड्रॉक्साइडात हे प्रमाण ७७·५ व शुद्ध सोडियम कार्बोनेटात ५८·५ भरते. म्हणून ७० टक्के ऑक्साइडाचा माल म्हणजे काही ओलावा असलेला चांगला दाहक सोडाही असू शके, आणि बऱ्याच कार्बोनेटाने भरलेला हलका मालही असू शके. काचेच्या कारखानदाराला दोन्ही सारखेच उपयोगी पडत. साबणवाल्याचे तसे नव्हते. तेलाचे साबणीकरण हायड्रॉक्साइडाने होते. कार्बोनेट तेलाशी सहजासहजी विक्रिया करीत नाही. साबणवाला ज्या भागासाठी पैसे देई, त्यातला काही भाग त्याच्या कढईत निरुपयोगी ठरे.

दोन्ही वाटे वेगळे काढण्याचा एक मार्ग म्हणजे बेरियम क्लोराइड घालून कार्बोनेटाचा साका पाडणे, तो गाळणे व निवळीतील हायड्रॉक्साइड मोजणे हा होता. मात्र गाळताना हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड निवळीत सतत मिसळत असल्याने तो वेळखाऊ व बेभरवशाचा ठरे.

दोन नवे दर्शक : या कोंडीतून वाट निघाली ती रंगद्रव्यांच्या उद्योगातून. आडोल्फ बायर यांनी १८७१ मध्ये फिनॉल व थॅलिक ॲनहायड्राइड यांपासून फिनॉल्‌थॅलीन तयार केले. क्षारात लालसर गुलाबी व अम्लात रंगहीन होण्याच्या त्याच्या गुणाचा दर्शक म्हणून उपयोग करण्याची सूचना ई. लुक यांनी १८७७ मध्ये केली. लिटमसापेक्षा हा रंगबदल कितीतरी ठळक होता. पण एक दोष लगेच लक्षात आला. कार्बोनिक अम्लासारख्या दुबळ्या अम्लानेही फिनॉल्‌थॅलिनाचा रंग जातो, म्हणून कार्बोनेटाची एकूण क्षारता थंड विद्रावात त्याने काढता येत नाही.

पुढच्याच वर्षी, १८७८ मध्ये, गेओर्ख लुंगे यांनी मिथिल ऑरेंज सुचविले. लुंगे हे १८७६ पासून झुरिकच्या तंत्रविद्यापीठात प्राध्यापक होते. त्यापूर्वी काही वर्षे त्यांनी इंग्लंडमधील सोड्याच्या कारखान्यात काम केले होते. कारखान्यात दिवसाला अनेक नमुने तपासणाऱ्याला प्रत्येक वेळी विद्राव उकळत बसणे परवडत नाही, याचा त्यांना अनुभव होता. मिथिल ऑरेंजावर कार्बोनिक अम्लाचा परिणाम फारच थोडा होतो, त्यामुळे थंड विद्रावात थेट एकूण क्षारता मोजता येते, हाच त्याचा विशेष म्हणून त्यांनी पुढे केला.

अशा रीतीने अवघ्या दोन वर्षांत रसायनशास्त्रज्ञांच्या हाती परस्परविरुद्ध स्वभावाचे दोन दर्शक आले : एक कार्बोनिक अम्लाला ओळखणारा आणि दुसरा त्याच्याकडे दुर्लक्ष करणारा. पहिल्याला दोष व दुसऱ्याला गुण मानला जात होता.

वॉर्डर यांची कल्पना : फिनॉल्‌थॅलिनाचा दोष नियमित आहे, हे १८८१ मध्ये वॉर्डर यांनी दाखवून दिले. कार्बोनेटाच्या थंड विद्रावात अम्ल सावकाश घातले, तर गुलाबी रंग कोठेतरी मनमानीने न जाता, कार्बोनेटाचे बायकार्बोनेटात रूपांतर पूर्ण होते त्या सुमारास, म्हणजे बरोबर निम्मे अम्ल लागल्यावर जातो. जी गोष्ट निश्चित ठिकाणी घडते, ती मापनाला उपयोगी पडते. हायड्रॉक्साइड सोबत असेल, तर ते पहिल्या टप्प्यातच सर्व अम्ल घेते आणि दुसऱ्या टप्प्यात त्याचा काहीच वाटा राहत नाही. म्हणून दुसरा टप्पा म्हणजे कार्बोनेटाची शुद्ध नोंद होय. त्यासाठी ना साका पाडावा लागतो, ना गाळावे लागते, ना उकळावे लागते. [⟶ अनुमापन].

कृती व उदाहरण : उघड्या डब्यात काही काळ राहिलेल्या दाहक सोड्याचा नमुना घेतला आहे, असे समजू. ऊर्ध्वपातित पाणी आधी उकळून, झाकून थंड करून घ्यावे लागते; नाहीतर पाण्यात विरघळलेला कार्बन डाय-ऑक्साइडच काही हायड्रॉक्साइडाचे कार्बोनेट करून टाकतो. अशा पाण्यात ५·०० ग्रॅ. नमुना विरघळवून विद्रावाचे घनफळ १ लिटर करतात व बाटलीला घट्ट बूच लावतात. यातील २५ मिलि. विद्राव पिपेटने शंकुपात्रात घेतला म्हणजे त्यात नमुन्याचे ०·१२५ ग्रॅ. येतात. पात्र बर्फाच्या पाण्यात थंड ठेवून फिनॉल्‌थॅलिनाचे दोन-तीन थेंब घालतात आणि ब्यूरेटमधून ०·१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक अम्ल सोडतात. ब्यूरेटचे टोक द्रवाच्या पृष्ठभागाजवळ ठेवून पात्र सतत हलके फिरवीत राहावे लागते. रंग फिका होऊ लागल्यावर अम्ल थेंबाथेंबाने घालतात. गुलाबी छटा नाहीशी होताच पहिली नोंद घेतात. समजा, ती २६·२० मिलि. आहे. नंतर त्याच पात्रात मिथिल ऑरेंजाचे एक-दोन थेंब घालतात आणि पिवळा रंग नारिंगी होईपर्यंत अम्ल घालीत राहतात. ब्यूरेट पुन्हा न भरता घेतलेली ही दुसरी नोंद २८·४० मिलि. आहे.

दुसऱ्या टप्प्यात २८·४० − २६·२० = २·२० मिलि. अम्ल लागले. ०·१ नॉर्मल अम्लाच्या दर मिलिलिटरला या टप्प्यात ०·०१०६ ग्रॅ. सोडियम कार्बोनेट येते, कारण कार्बोनेटाच्या निम्म्या उदासिनीकरणाचाच हा हिशेब आहे. म्हणून कार्बोनेट २·२० × ०·०१०६ = ०·०२३३ ग्रॅ., म्हणजे नमुन्याच्या १८·७ टक्के भरते. पहिल्या टप्प्यातून कार्बोनेटाचे २·२० मिलि. वजा केले असता २४·०० मिलि. अम्ल हायड्रॉक्साइडाच्या वाट्याला राहते. दर मिलिलिटरला ०·००४० ग्रॅ. या हिशेबाने सोडियम हायड्रॉक्साइड ०·०९६० ग्रॅ., म्हणजे ७६·८ टक्के येते. उरलेले सुमारे साडेचार टक्के मुख्यतः ओलावा होय.

हाच नमुना जुन्या रीतीने फक्त एकूण क्षारतेवर तपासला असता, तर २८·४० मिलि. एवढी एकच नोंद मिळाली असती. तिच्यावरून ऑक्साइडाचे प्रमाण ७०·४ टक्के निघते. ते सर्व दाहक सोड्याचेच आहे असे धरले, तर नमुन्यात ९०·९ टक्के हायड्रॉक्साइड आहे, असा निष्कर्ष निघतो. प्रत्यक्षात ते ७६·८ टक्के आहे. शंभर किलोग्रॅम मालामागे चौदा किलोग्रॅमांची ही तफावत साबणाच्या कढईत कच्च्या राहिलेल्या तेलाच्या रूपाने दिसे. पहिल्या रंगबदलाची नोंद घेण्याने नेमके काय साधते, ते यावरून कळते.

दोन नोंदींच्या परस्परसंबंधावरून नमुन्याचे स्वरूपही ओळखता येते. दोन्ही टप्प्यांत सारखेच अम्ल लागले, तर केवळ कार्बोनेट आहे. पहिल्यात जास्त लागले, तर हायड्रॉक्साइड व कार्बोनेट, आणि दुसऱ्यात जास्त लागले, तर कार्बोनेट व बायकार्बोनेट आहेत. हायड्रॉक्साइड व बायकार्बोनेट मात्र एकत्र नांदत नाहीत. विद्रावात येताच त्यांचे कार्बोनेट होते. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराच्या खाऱ्या पाण्यातून मिळणाऱ्या सोड्यात कार्बोनेट व बायकार्बोनेट असतात. अशा सोड्याच्या अनुमापनात दुसरा टप्पा पहिल्यापेक्षा मोठा येतो.

पहिल्या अंत्यबिंदूची अस्पष्टता : वॉर्डर यांची पद्धती सोयीची असल्याने लवकर पसरली; पण वेगवेगळ्या हातांनी केलेली तिची उत्तरे नेहमी जुळत नसत. मिथिल ऑरेंजाचा बदल त्यातल्या त्यात बरा होता. फिनॉल्‌थॅलिनाचा गुलाबी रंग मात्र एकदम न जाता हळूहळू विरत जाई आणि तो ‘गेला’ केव्हा म्हणावयाचे, हे पाहणाऱ्यावर अवलंबून राही. एफ्. डब्ल्यू. क्यूस्टर या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी १८९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चिकित्सक अभ्यासात कार्बोनेटयुक्त क्षारांच्या सर्व प्रचलित पद्धती तपासल्या. मिथिल ऑरेंजही कार्बोनिक अम्लापासून पूर्णपणे अलिप्त नसते, म्हणून त्याचा रंग कार्बन डाय-ऑक्साइडाने संपृक्त केलेल्या पाण्यातील त्याच दर्शकाच्या रंगाशी ताडून पाहावा, असे त्यांनी सुचविले.

या अस्पष्टतेचे कारण दर्शकात नसून कार्बोनिक अम्लातच आहे, हे समजण्यास भौतिकीय रसायनशास्त्राची वाढ व्हावी लागली. व्हिल्हेल्म ओस्टव्हाल्ट यांनी १८९४ मध्ये दर्शक हे स्वतःच दुबळी अम्ले किंवा क्षारके असतात, असा सिद्धांत वैश्लेषिक रसायनशास्त्राच्या ग्रंथात मांडला. एस्. पी. एल्. सरेन्सेन यांनी १९०९ मध्ये पीएच मूल्याची कल्पना दिली आणि नील्स ब्येरुम यांनी १९१४ मध्ये अम्ल-क्षारक अनुमापनातील त्रुटींचा गणिती विचार केला. त्यावरून पुढील चित्र स्पष्ट झाले. कार्बोनिक अम्लाचे विगमन (आयनांत रूपांतर) दोन पायऱ्यांनी होते आणि या दोन पायऱ्यांच्या विगमन स्थिरांकांत सुमारे १०,००० पट अंतर आहे. हे अंतर वरवर मोठे वाटले, तरी दोन टप्पे स्वच्छ वेगळे पडण्यास अपुरे आहे. बायकार्बोनेटाच्या विद्रावाचे पीएच मूल्य सुमारे ८·३ असते. या ठिकाणी अम्लाच्या एका थेंबाने पीएच मूल्यात मोठी उडी पडत नाही, ते सावकाश उतरते. सोडियम हायड्रॉक्साइड एकटे असताना एका थेंबात जो रंग जातो, तो येथे अनेक थेंबांवर पसरतो.

यातून एक व्यावहारिक उपाय निघाला. रंग ‘संपूर्ण’ जाण्याची वाट पाहण्याऐवजी, शेजारी शुद्ध सोडियम बायकार्बोनेटाचा तितक्याच संहतीचा व तितक्याच घनफळाचा विद्राव ठेवावा, त्यात दर्शकाचे तितकेच थेंब घालावे आणि त्याच्या फिक्या छटेशी अनुमापनातील रंग जुळवावा. दर्शकाचे थेंब मोजून घालणे येथे महत्त्वाचे असते. फिनॉल्‌थॅलिनाला एकच रंग आहे. ते जास्त घातले, तर छटा अधिक वेळ दिसत राहते व अंत्यबिंदू पुढे ढकलला जातो. एस्. जी. सिम्पसन यांनी १९२४ मध्ये थायमॉल ब्ल्यू व क्रेसॉल रेड यांचे मिश्रण या टप्प्यासाठी सुचविले. पीएच मूल्य ८·४ च्या आसपास ते जांभळे व ८·२ च्या आसपास गुलाबी असते. रंग विरण्यापेक्षा रंग बदलणे डोळ्यांना अधिक नेमके टिपता येते, हा त्याचा फायदा होय.

त्रुटी व त्यांची ओळख : पहिल्या टप्प्यात दोन प्रकारच्या चुका होतात व त्यांच्या दिशा परस्परविरुद्ध असतात. अम्ल घाईने घातले किंवा पात्र फिरविले नाही, तर अम्ल पडते तेथे काही कार्बोनेट थेट कार्बन डाय-ऑक्साइडापर्यंत जाते व तो वायू निसटतो. त्या कार्बोनेटाने दोन्ही टप्प्यांचे अम्ल पहिल्या टप्प्यातच घेतलेले असते. परिणामी पहिली नोंद वाढते, दुसरा टप्पा आखूड होतो आणि कार्बोनेट कमी व हायड्रॉक्साइड जास्त भासते. फिनॉल्‌थॅलिनाचा रंग जाण्यापूर्वीच द्रवात बुडबुडे दिसू लागले, तर ही चूक झाली असे समजावे. उलट, विद्राव उघडा ठेवून विलंब केला, तर हवेतील वायू शोषला जाऊन कार्बोनेट वाढते व हायड्रॉक्साइड घटते. एकाच विद्रावाची लागोपाठ तीन अनुमापने केली असता पहिली नोंद दर वेळी थोडी थोडी उतरत गेली, तर बाटलीत हवा शिरत आहे, हे ओळखावे.

या दोन्ही प्रकारांत दुसरी, म्हणजे एकूण अम्लाची नोंद बदलत नाही. म्हणून एकूण नोंदी उत्तम जुळतात, एवढ्यावरून विश्लेषण बरोबर आहे असे म्हणता येत नाही. जुळावयास हवी ती पहिली नोंद होय. तिच्यातील चूक हिशेबात वाढत जाते. वरील उदाहरणात पहिली नोंद २६·२० ऐवजी २६·३० घेतली गेली, तर कार्बोनेट १८·७ वरून १७·८ टक्क्यांवर येते आणि हायड्रॉक्साइड ७६·८ वरून ७७·४ टक्क्यांवर जाते. ०·१० मिलि. च्या चुकीने कार्बोनेटाच्या अम्लातून ०·१० मिलि. गेले, तर हायड्रॉक्साइडाच्या अम्लात ०·२० मिलि. मिळाले. नमुन्यात भरपूर कार्बोनेट असताना हे चालण्याजोगे आहे. दुसरा टप्पाच मुळी ०·२० मिलि. चा असेल, तर तेवढ्याच चुकीने कार्बोनेटाचे उत्तर निम्म्यावर येते. थोड्या कार्बोनेटाच्या मापनास ही पद्धती असमर्थ आहे, ती याच कारणाने.

आणखी एक मर्यादा नमुन्याच्या घटकांची आहे. लब्लां पद्धतीच्या द्रवात सोडियम सल्फाइड असे. ते कार्बोनेटाप्रमाणेच दोन टप्प्यांत अम्ल घेते व हिशेबात कार्बोनेट म्हणून मोजले जाते. फॉस्फेटाचेही जवळजवळ तसेच आहे. अम्लाच्या दोन नोंदी फक्त दोनच अज्ञात राशी काढून देऊ शकतात. तिसरा क्षारीय पदार्थ असल्यास त्याचे मापन वेगळ्या मार्गाने करावेच लागते.

व्हिंक्लर पद्धती : जर्मेनियम या मूलद्रव्याचा १८८६ मध्ये शोध लावणारे फ्रायबेर्ख येथील क्लेमेन्स व्हिंक्लर यांनी बेरियम क्लोराइडाच्या जुन्या मार्गाला नवे रूप दिले. या रीतीत विद्रावाचे दोन समान भाग घेतात. एका भागाची एकूण क्षारता मिथिल ऑरेंजाने काढतात. दुसऱ्या भागात बेरियम क्लोराइडाचा उदासीन विद्राव भरपूर घालून कार्बोनेटाचा साका पाडतात आणि तो न गाळताच, फिनॉल्‌थॅलीन घालून, सावकाश अनुमापन करतात. हायड्रॉक्साइड संपताच गुलाबी रंग जातो. त्या वेळी बेरियम कार्बोनेटाचा साका अम्लाला लगेच दाद देत नाही. येथेही फिनॉल्‌थॅलिनाचाच आधार आहे, पण बायकार्बोनेटाचा मधला टप्पा राहत नसल्यामुळे रंग स्पष्टपणे जातो. वरील नमुन्यात एकूण २८·४० मिलि. व बेरियम क्लोराइड घातल्यावर २४·०० मिलि. अम्ल लागेल. त्यांतील ४·४० मिलि. चा फरक संपूर्ण कार्बोनेटाचा असल्याने ०·१० मिलि. च्या चुकीचा परिणाम वॉर्डर पद्धतीच्या मानाने निम्माच होतो. दुसऱ्या बाजूस, या रीतीत दोन स्वतंत्र भाग व एक जादा विक्रियाकारक लागतो आणि साक्यामुळे पांढुरक्या झालेल्या द्रवात रंग पाहावा लागतो. अम्ल घाईने घातल्यास साकाही विरघळू लागतो, म्हणून सावकाशी येथेही आवश्यकच असते.

दोन्ही पद्धतींची क्षेत्रे यावरून ठरली आहेत. कार्बोनेट अल्प असताना व्हिंक्लर पद्धती किंवा विद्युत् अग्रांनी पीएच मूल्य मोजून केलेले अनुमापन वापरतात. विद्युत् विच्छेदनाने तयार होणाऱ्या आजच्या दाहक सोड्यात कार्बोनेट फारच थोडे असल्याने त्याच्या परीक्षणात वॉर्डर पद्धतीवर विसंबत नाहीत. दोन्ही घटक भरपूर असताना व उत्तर त्वरित हवे असताना मात्र वॉर्डर यांचा मार्ग सोपा ठरतो. बाष्पित्रातील (बॉयलरमधील) व इतर औद्योगिक पाण्याची क्षारता आजही ‘फिनॉल्‌थॅलीन क्षारता’ व ‘मिथिल ऑरेंज क्षारता’ अशा दोन आकड्यांनी सांगतात. पाण्यात हायड्रॉक्साइड, कार्बोनेट व बायकार्बोनेट यांपैकी काय आहे, हे त्या दोन आकड्यांच्या तुलनेवरूनच ठरवितात.